चौथीचा वर्ग : गुप्त मित्र आणि कौतुकाची बरणी, चिठ्ठ्यांचं गणित कुठे चुकतं?

पाटीपेन्सिल
इयत्ता चौथी, पट ३८, रोजची हजेरी ३० ते ३३. दिवाळीच्या सुट्टीआधीच्या दोन आठवड्यांत दोन खेळ घ्यायचे आहेत. एक गुप्त मित्र : ज्याचं नाव मिळालं त्याच्यासाठी आठवडाभर गुपचूप काहीतरी चांगलं करायचं, शनिवारी उलगडा. दुसरा कौतुकाची बरणी : वर्गात कोणी चांगलं वागताना दिसलं की चिठ्ठी लिहून बरणीत टाकायची, शनिवारी वाचायच्या.

कल्पना सगळ्यांना माहीत आहे, ती सांगू नका. अडचणी सांगा. चिठ्ठ्या काढताना गोंधळ होतो, गैरहजर मुलांमुळे साखळी तुटते, आणि बरणीत त्याच पाच-सहा मुलांची नावं येतात. यावर नेमकं काय करावं?

मोरपीस_२२
चिठ्ठ्यांचं सोपं आहे. ३८ नावं डब्यात टाका, एकेकाला बोलवा. स्वतःचीच आली तर परत टाकून दुसरी काढायची. सगळीकडे असंच करतात.

अपूर्णांक
मोरपीस, पद्धत चालते, पण शेवटच्या मुलापाशी अडकते. ३७ जणांनी काढल्यावर डब्यात एकच चिठ्ठी उरते. ती त्याचीच निघाली तर परत टाकून तो दुसरी कुठली काढणार? मग कोणाची तरी उघडलेली चिठ्ठी परत मागावी लागते, आणि दोन नावं तिथेच फुटतात.

दुसरं म्हणजे स्वतःची चिठ्ठी येणं हा अपवाद नाही. चिठ्ठ्या नुसत्या वाटून टाकल्या तर १०० पैकी साधारण ६३ वेळा वर्गात निदान एकाला तरी स्वतःचं नाव येतं. वर्ग ३८ चा असो की २० चा, हा आकडा जवळपास हलत नाही. शिवाय १०० पैकी सुमारे ३९ वेळा निदान एक जोडी अशी पडते की अ ला ब आणि ब ला अ. अशा जोडीत एकाचं फुटलं की दुसऱ्याचं आपोआप फुटतं.

म्हणून चिठ्ठ्या काढायच्याच नाहीत, माळ करायची. ३८ हजेरी क्रमांक कागदाच्या तुकड्यांवर लिहा, पत्त्यांसारखे पिसा, आणि ज्या क्रमाने येतील त्या क्रमाने वहीत उतरवा. समजा आलं : १७ → ४ → ३१ → ९ → २२ → १३ आणि असंच पुढे, शेवटचा परत १७ ला. प्रत्येकाचा गुप्त मित्र म्हणजे त्याच्या पुढचा. स्वतःचं नाव येणं शक्य नाही, उलटसुलट जोडी शक्य नाही, आणि प्रत्येकाला बरोबर एक देणारा व एक घेणारा मिळतो. मग प्रत्येकाची एक घडी केलेली चिठ्ठी : वर त्याचं नाव, आत पुढच्याचं. रविवारी संध्याकाळी पाऊण तासाचं काम, सोमवारी वाटायला पाच मिनिटं.

खडूची_भुकटी
माळेला +१. एक सांगते, वहीतली ती ओळ वर्गात नेऊ नका. टेबलावर उघडी राहिलेली वही चौथीतली मुलं उलटी धरूनही वाचतात.

आणि डब्यातून काढायची मजा जाते म्हणून मुलं हिरमुसतात, हेही खरं. त्यासाठी नावं वाटा, पण कामं डब्यातून काढू द्या. डब्यात २० कामांच्या चिठ्ठ्या, दर दिवशी एक काढायची. तसंही ‘चांगलं काहीतरी कर’ म्हटलं की अर्धा वर्ग ‘बाई, काय करू?’ म्हणून टेबलाशी येतो.

कोथरूडकर
आमच्या ऑफिसात पण सीक्रेट सांता आहे. ५०० रुपयांची मर्यादा आहे. कॉफीचा मग आणि डायरी सोडून काही सुचवा ना.

पाटीपेन्सिल
कोथरूडकर, हा चौथीचा वर्ग आहे हो. मर्यादा शून्य रुपये.

खडूची_भुकटी
शून्य रुपये हा नियम मात्र फळ्यावर लिहाच. पाच रुपयांचं चॉकलेट चालेल म्हटलं की बुधवारपर्यंत कोणीतरी पन्नासचं आणतं, आणि ज्याच्या घरी पाच रुपये सुटे नाहीत ते मूल शाळेतच येत नाही. खाऊ नको याला दुसरंही कारण आहे : कोणाचा उपास, कोणाला शेंगदाणा चालत नाही.

त्याहून महत्त्वाचा नियम म्हणजे दुसऱ्याच्या दप्तराला हात लावायचा नाही. गुपचूप चिठ्ठी ठेवायला मूल मधल्या सुट्टीत कोणाचं तरी दप्तर उघडतं, त्याच दिवशी त्या दप्तरातली पेन्सिल हरवते, आणि दयाळूपणाच्या खेळातून चोरीचा आळ येतो. म्हणून टपालाचा डबा ठेवा. बुटांचं खोकं, वर फट. चिठ्ठी, चित्र, कागदाचं फूल सगळं त्यात, वर घेणाऱ्याचं नाव. शाळा सुटायच्या दहा मिनिटं आधी बाईंनीच वाटायचं. वाटपाचं काम मॉनिटरला देऊ नका, त्याला अक्षरं ओळखता येतात.

अपूर्णांक
डब्यातली कामं कोणती, त्यावर बरंच ठरतं. करताना पकडलं जाणार नाही असं काम हवं. ‘त्याच्यासोबत डबा खा’ हे काम चांगलं, पण केलं की गुपित संपलं. उलट दाराबाहेरच्या चपला सरळ लावणं, बाकाखालचा कचरा उचलणं, त्याच्या गटाचं काम आधी संपायला मदत करणं, टपालात चित्र टाकणं, त्याने उत्तर सांगितलं की बाईंना सांगून टाळी वाजवायला लावणं, ही चालतात.

तरीही मंगळवारपर्यंत फुटतंच. त्यावर उपाय असा : रोज दोन कामं द्यायची, एक आपल्या गुप्त मित्रासाठी आणि एक दुसऱ्या कोणासाठीही. चपला सरळ झालेल्या दिसल्या तरी खरा मित्र कोण आणि वाटेत आलेला कोण, हे कळत नाही. मुलं अंदाज बांधत राहतात.

शिवारातली_शाळा
आमच्याकडचा प्रश्न वेगळा आहे. मराठवाड्यातली वस्तीशाळा, चौथी-पाचवी एकत्र, पट २३. दिवाळीनंतर ऊसतोडीला घरंच्या घरं जातात. पटावर नाव असतं, मूल कारखान्याच्या तळावर. जाण्याचा दिवस आधी कळत नाही. साखळी केली तर मधले चार मणी एकाच रात्री गळतात. माळ टिकेल का?

अपूर्णांक
शिवार, माळेचा खरा उपयोग तिथेच आहे. आधी हे बघा की गैरहजर मुलामुळे नुकसान कोणाचं होतं. त्याचं स्वतःचं नव्हे, त्याच्या पुढच्याचं. वरच्या माळेत ३१ आला नाही तर त्या आठवड्यात ९ ला काहीच मिळत नाही, आणि ९ रोज शाळेत येतोय. बाकीच्यांची टपालं वाटली जाताना तो रिकाम्या हाताने बसतो.

दुरुस्ती एका चिठ्ठीची आहे. ३१ ला माळेतून काढा, ४ ला हळूच सांगा की आता तुझा मित्र ९. बाकी कोणालाही काही कळवायची गरज नाही. चार मुलं गेली तर चार चिठ्ठ्या बदलायच्या, आणि ती चौघं माळेत शेजारी-शेजारी असतील तर एकच. परत आलेलं मूल कुठल्याही दोघांच्या मध्ये घालता येतं : ४ आणि ९ मध्ये आणलं की ४ ला सांगायचं, नव्याला सांगायचं, झालं. डब्यातून काढलेल्या चिठ्ठ्यांतही असं जोडून घेता येतं, पण तिथे कोणाला कोण आलं याची नोंदच नसते.

पाटीपेन्सिल
एका दिवसाच्या गैरहजेरीत लगेच काढायचं का? आमच्याकडे सोमवारी बाजार, पाच जण हमखास नसतात.

खडूची_भुकटी
नको. ४ ने तोवर ३१ साठी चित्र काढलेलं असतं. दोन दिवस वाट बघा, तिसऱ्या दिवशी जोडा. मधल्या दोन दिवसांत ९ साठी टपालात तुम्हीच एक ओळ टाका, डाव्या हाताने लिहून. आणि बाजार सोमवारी असेल तर नावं मंगळवारी वाटा, इतकं सोपं आहे.

अपूर्णांक
वाटण्याआधी एकदा माळेवरून नजर फिरवा. ज्या दोघांचं गेल्या महिन्यात भांडण झालंय, किंवा एक दुसऱ्याला सतत चिडवतो, ते लागोपाठ आले असतील तर हलवा. पण दोन नावांची अदलाबदल करू नका, त्यात चार जोड मोडतात आणि कुठे काय झालं ते पाहत बसावं लागतं. एकच मणी उचला. समजा ४ → ३१ नको आहे. ३१ ला उचलून २२ आणि १३ च्या मध्ये ठेवा : १७ → ४ → ९ → २२ → ३१ → १३. आता तीनच नवे जोड तपासायचे : ४ → ९, २२ → ३१ आणि ३१ → १३.

तिरकस_तात्या
एवढा खटाटोप करून पोरांना सोमवार ते शनिवार गोड वागायला लावायचं. नाव दिलंय म्हणून केलेला चांगुलपणा तो कसला? आमच्या वेळी बाकावरचा शेजारी आपोआप मित्र व्हायचा.

अपूर्णांक
तात्या, हा प्रश्न तपासला गेलेला आहे. व्हँकुव्हरमध्ये ९ ते ११ वर्षांच्या मुलांच्या १९ वर्गांत चार आठवडे एक प्रयोग झाला, २०१२ मध्ये तो छापून आला. निम्म्या मुलांना सांगितलं, आठवड्यातून तीन चांगली कामं करा. उरलेल्यांना सांगितलं, तीन ठिकाणांना भेट द्या. खुशी दोन्हीकडे वाढली. पण चांगली कामं करणाऱ्यांना वर्गातली जास्त मुलं ‘याच्याबरोबर मला काम करायला आवडेल’ असं म्हणू लागली. म्हणजे सांगून करायला लावलं तरी काही शिल्लक राहतं.

तिरकस_तात्या
पण त्या मुलांना ‘अमक्यासाठीच कर’ असं कोणी नाव वाटून दिलं होतं का?

अपूर्णांक
नाही. कोणासाठी करायचं ते मुलांनीच ठरवायचं होतं. तुमचा मुद्दा तेवढा उभा राहतो. रोजचं दुसरं काम मोकळं ठेवा म्हणतो, त्यामागे हेही एक कारण आहे.

चौथीची_आई
बरणीबद्दल माझं मत : बक्षीस ठेवा. बरणी भरली की वर्गाला भेळपार्टी. माझ्या मुलीच्या वर्गात असंच आहे आणि दोन आठवड्यांत बरणी भरते.

खडूची_भुकटी
भरते हे खरं, पण कशाने ते चिठ्ठ्या उघडून बघा. पार्टी लावली की एकच मूल एका तासात सहा चिठ्ठ्या लिहितं, सगळ्यांत ‘तू छान आहेस’. बरणी भरायला चिठ्ठी लागते, बघणं लागत नाही.

अपूर्णांक
१९७३ मध्ये स्टॅनफर्डच्या बालवाडीत झालेला प्रयोग बऱ्याच जणांना माहीत असेल. चित्रं काढायला आवडणाऱ्या मुलांपैकी काहींना आधीच सांगितलं की काढलीत तर प्रमाणपत्र मिळेल. पुढे मोकळ्या वेळात त्या मुलांनी इतरांपेक्षा कमी वेळ चित्रं काढली. ज्यांना न सांगता शेवटी प्रमाणपत्र दिलं, त्यांच्यात ही घट नव्हती. तिथे विषय चित्रांचा होता, कौतुकाचा नव्हे, तेव्हा फार ताणत नाही. पण चौथीची आई, तुमची भेळ चुकीची नाही, आधी जाहीर करणं चुकीचं. द्यायची तर शेवटच्या दिवशी, अचानक.

पाटीपेन्सिल
आणि तीच पाच-सहा नावं? मुलांना समजावून सांगितलं, तरी फरक नाही.

अपूर्णांक
समजावून सुटणारच नाही, कारण यात मुलांचा दोष निम्माच आहे. समजा वर्गात कोणाचाही लाडका-नावडता नाही, आणि प्रत्येक मूल आठवड्यात दोन चिठ्ठ्या अगदी डोळे मिटून कोणाच्याही नावाने टाकतं. ३८ मुलं, ७६ चिठ्ठ्या, सरासरी प्रत्येकी दोन. तरीसुद्धा साधारण पाच मुलांना एकही चिठ्ठी येणार नाही. हे नुसत्या योगायोगाने. वर पहिला नंबर, चांगला खेळाडू, बाईंचा आवडता वगैरे आलं की पाचाचे दहा होतात. आणि शनिवारी चिठ्ठ्या वाचल्या जाताना ती दहा मुलं मोजत बसलेली असतात.

म्हणून बरणीलाही माळ लावा. दोन चिठ्ठ्यांपैकी एक ठरलेल्या मुलासाठी, एक मोकळी. ठरलेलं मूल गुप्त मित्राच्या माळेतलंच, पण दोन घरं पुढचं : १७ ने ४ साठी काम करायचं आणि ३१ वर नजर ठेवून चिठ्ठी लिहायची. कोणीही शून्यावर राहत नाही. पुढच्या आठवड्यात तीन घरं पुढचं.

मोरपीस_२२
म्हणजे ठरवून दिलेलं कौतुक. ते पोकळ वाटणार नाही का?

खडूची_भुकटी
वाक्य पोकळ असेल तर वाटेल. ‘३१ मध्ये काय चांगलं आहे ते लिही’ असं सांगू नका. ‘या आठवड्यात ३१ ने काय केलं ते लिही’ असं सांगा. दोन चिठ्ठ्या शेजारी ठेवून बघा.

‘तू खूप हुशार आणि प्रेमळ आहेस.’

‘बुधवारी प्रार्थनेनंतर पाणी सांडलं तेव्हा तू न सांगता पोतं आणून टाकलंस, म्हणून दुसरीतली मुलं घसरली नाहीत.’

पहिली कोणाच्याही नावाने चालते. दुसरी फक्त एकाचीच. फळ्याच्या कोपऱ्यात चार शब्द लिहून ठेवा : कधी, कुठे, काय केलंस, त्यामुळे काय झालं. पहिल्या आठवड्यात चारांपैकी दोन आले तरी चिठ्ठी घ्या. लिहायला अडखळणाऱ्या मुलाला चित्र काढू द्या किंवा त्याने सांगायचं, तुम्ही लिहायचं.

सामानाचंही सांगते. बरणी प्लास्टिकची, पापडाची असते तशी मोठ्या तोंडाची, दोन किलोवाली. काचेची नको, आणि अरुंद तोंडाची असेल तर मुलांचा हात अडकतो. ए-फोर कागद तीनदा दुमडला की आठ चिठ्ठ्या होतात, म्हणजे ७६ साठी दहा कागद. एका बाजूने वापरलेले चालतील, पण मागे परीक्षेचे गुण छापलेले नसावेत. हे सांगावं लागतं, हसू नका.

मोरपीस_२२
आणि नाव न लिहिता टाकायच्या ना? निनावी असलं की मुलं मोकळेपणाने लिहितात.

खडूची_भुकटी
अर्धं बरोबर. निनावी असलं की मोकळेपणाने लिहितात, तसंच मोकळेपणाने टोचतातही. ‘आज तू मारामारी केली नाहीस, छान.’ ‘तू जाडी असूनही चांगली धावलीस.’ कौतुकाच्या कपड्यातला चिमटा. म्हणून चिठ्ठीच्या मागे लिहिणाऱ्याचा हजेरी क्रमांक असू द्या, घडी घालून. वाचताना तो बोलायचा नाही. आणि मुलांना आधीच सांगा की वर्गाला कळणार नाही, बाईंना कळणार.

शुक्रवारी सुटल्यावर सगळ्या ७६ वाचून काढा, पंधरा मिनिटं लागतात. टोचणारी चिठ्ठी फाडून टाकू नका. लिहिणाऱ्याला एकट्याला बोलावून त्याच घटनेची दुसरी चिठ्ठी लिहून घ्या. त्याच वेळी पटाच्या यादीवर खुणा करा. एखाद्याला फक्त ठरलेलीच एक चिठ्ठी आली असेल आणि दोन आठवडे तसंच चाललं असेल, तर त्या मुलाबद्दल बरणीच्या बाहेरच काहीतरी बघायला हवं. तिथे खेळ पुरत नाही.

नदीकाठ
मी सातवीला शिकवतो. आमच्याकडे मुलाला मुलीचं नाव गेलं की वर्गभर चिडवाचिडवी. मुलं-मुली वेगळ्या माळा करू का?

अपूर्णांक
वेगळ्या केल्या तर चिडवणं थांबेल, पण ‘इकडे जायचं नाही’ हे तुम्हीच शिकवल्यासारखं होईल. मी एकच माळ ठेवीन आणि उलगडाच काढून टाकीन. सातवीत कोण होतं हे कधीच सांगायचं नाही.

खडूची_भुकटी
मला हे पटत नाही. उलगडा नसेल तर सातवीतली मुलं बुधवारीच काम सोडतात. मी एक आठवडा वेगळ्या माळा करीन, चिडवणं निवळल्यावर एक करीन.

नदीकाठ
दोन्ही तुकड्यांत वेगवेगळं करून बघतो.

शिवारातली_शाळा
उलगडा कसा करता? आमच्याकडे सगळे एकदम ओरडतात, ‘मी होतो, मी होतो’.

अपूर्णांक
माळेचा इथे आयता फायदा होतो. एकाला उभं करा, समजा १७. तो म्हणतो, ‘मी ४ चा गुप्त मित्र होतो, मी चपला लावायचो.’ मग ४ उभा राहतो आणि आपल्या पुढच्याचं नाव सांगतो. माळ फिरत फिरत परत १७ पाशी येते, तेव्हा वर्गाच्या लक्षात येतं की सगळे एकाच दोरीत होते. प्रत्येकी अर्धा मिनिट धरलं तर ३८ जणांना १९ मिनिटं. शनिवारची शाळा सकाळची, त्यामुळे दुसऱ्या तासाला घ्या, शेवटच्या तासाला घेतलं तर घंटा मध्येच होते आणि उरलेले सात-आठ जण तसेच घरी जातात.

पाटीपेन्सिल
आणि बरणीतल्या चिठ्ठ्या? सगळ्यांसमोर वाचू की ज्याच्या त्याला देऊ?

खडूची_भुकटी
मी देते, वाचत नाही. लाजरी मुलं सगळ्यांनी बघितलं की टेबलाखाली जातात.

चौथीची_आई
पण वाचल्या नाहीत तर बाकीच्यांना कसं कळणार की कोणाचं काय चांगलं होतं? माझी मुलगी शनिवारची वाटच बघत असते.

अपूर्णांक
दोघींचंही खरं आहे. एक मधला मार्ग : चिठ्ठीच्या कोपऱ्यात घेणाऱ्याने बरोबरची खूण केली तरच वाचायची. आदल्या दिवशी दाखवून विचारायचं.

पाटीपेन्सिल
म्हणजे शुक्रवारचं काम आणखी वाढलं. ठीक आहे, पहिल्या आठवड्यात नुसत्या देते, दुसऱ्या आठवड्यात खूण लावून बघते. आज ३८ तुकडे कापायला घेतले आहेत. एक राहिलं, स्वतः बाई माळेत असाव्यात का?

तिरकस_तात्या
असाव्यात. बाईंच्या चपलाही कोणीतरी सरळ लावू दे.

खडूची_भुकटी
माळेत नको हो. सगळी माळ ज्याला माहीत आहे त्याचा गुप्त मित्र कसला गुप्त? बरणीत मात्र बाईंच्या दोन चिठ्ठ्या दर आठवड्याला पडू द्या, ज्यांच्या यादीत एकच खूण आहे त्यांच्या नावाने.